फुकटच्या पोस्टर-मेकरमध्ये मराठी फॉन्ट मोजून सहा. सप्ताहाचं पोस्टर देखणं कसं करावं?

गोदाकाठचा_पोऱ्या (गंगाखेड), सोमवार रात्री ९:४०

राम कृष्ण हरी मंडळी. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचं पोस्टर यंदा माझ्या गळ्यात पडलंय. "तू कॉम्प्युटर शिकलायस ना, मग कर" म्हणाले. मी एका फुकटच्या ऑनलाइन पोस्टर-मेकरमध्ये करायलोय. पैसे भरले तर स्वतःचा फॉन्ट चढवता येतो, फुकटात नाही.

अडचण अशी की यादीत शेकड्यानं फॉन्ट दिसतात, पण मराठी टाकलं की सगळे सारखेच. ब्रश निवडा, जाडा निवडा, वळणदार निवडा, "अखंड हरिनाम सप्ताह" तसंच सपक, तहसीलच्या नोटिशीसारखं. एक तयार टेम्प्लेट घेतलं, त्यात तर मराठी टाकल्याबरोबर अक्षरं सुटी झाली, जणू प्रत्येकानं आपापली टोपी घातली आहे.

पाहिजे ते असं: फाट्यावर लावायला ४ बाय ६ फुटांचं एक उभं फ्लेक्स, आणि तेच व्हॉट्सॲपवर. मजकूर नेहमीचा. सप्ताहाचं नाव, ज्ञानेश्वरी पारायण, काकडा ते कीर्तन रोजचा कार्यक्रम, आठ कीर्तनकारांची नावं, अन्नदाते. नाटकाच्या जाहिरातीत पूर्वी कशी दमदार अक्षरं असायची, तसं काही जमंल का?

---

डीटीपी_काका (परभणी), सोमवार रात्री १०:०५

ऑनलाइन-बिनलाइन सोड. कोरलमध्ये श्रीलिपी घे, शंभर फॉन्ट मिळतील. नाहीतर श्रीलिपीत टाइप करून तिथं पेस्ट कर. अन् हेडिंग पूर्ण रुंदीत बसवायचं असंल तर अक्षरांतलं अंतर वाढव, भारी दिसतं. मी वीस वर्षं हेच करतोय.

---

शाई_आणि_बोरू (लातूर), सोमवार रात्री १०:५२

काका, कोरलचं म्हणणं बरोबर आहे, ज्याच्याकडे कोरल आहे त्याच्यासाठी. पण पेस्टचं जमणार नाही. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यातला मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा होतो, कारण आतून तो मजकूर इंग्रजीच्याच जागांवर बसवलेला असतो. आणि अंतर वाढवायचं तर मुळीच नाही. पोऱ्याची अक्षरं सुटी झालीत ती त्यामुळंच.

पोऱ्या, आधी "सगळे सारखेच" याचं बघू. यादीतल्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी अक्षरं नसतातच. तू नाव निवडतोस, पण मराठीसाठी ते साधन गुपचूप आपला ठेवणीतला फॉन्ट लावतं, बहुधा Noto Sans Devanagari. ते सांगत मात्र नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. एका चौकटीत हे टाइप कर:

```
सप्ताह कीर्तन Ram 108
```

आता फॉन्ट बदलत जा. `Ram 108` बदललं आणि मराठी जागच्या जागी राहिलं, तर तो फॉन्ट मराठीला नाही. दोन्ही बदललं तर आहे. अशी चाळण लाव आणि जे उरतील त्यांची नावं इथं लिही. बहुधा Mukta, Baloo 2, Teko, Kalam, Yatra One असलं काहीतरी उरेल.

---

हळदवाली_ताई (वसमत), सोमवार रात्री ११:२०

मलाही हेच विचारायचं होतं! आमच्या बचत गटाच्या हळदीच्या पुड्यांवर लेबल लावतो. मी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉन्ट बदलला, छान वळणदार अक्षर आलं. पण लेबल छापून आणलं तर त्यावर साधंच. फोनचाच दोष आहे का?

---

शाई_आणि_बोरू, सोमवार रात्री ११:३१

ताई, फोनच्या सेटिंगमधला फॉन्ट फक्त तुमच्या फोनच्या पडद्यापुरता. लेबलच्या फाइलमध्ये तो जात नाही. फाइलमधला फॉन्ट लेबल बनवताना त्या साधनातच निवडावा लागतो. वरची चाचणी तुम्हालाही चालेल, `सप्ताह`च्या जागी `हळद` टाका.

---

गोदाकाठचा_पोऱ्या, मंगळवार दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत तासभर चाळण लावली. शेकड्यांतले सहा उरले! Mukta, Baloo 2, Teko, Kalam, Yatra One आणि Noto Sans. म्हणजे मी चार दिवस एकाच फॉन्टला वेगवेगळ्या नावांनी हाक मारत होतो.

यात्रा वन बघितला, हाच घ्यावा वाटतंय. रेल्वे स्टेशनच्या जुन्या रंगवलेल्या पाटीसारखा आहे. पण ठळक करायला B दाबलं तर अक्षरांची पोटं बुजली. कामून?

---

शाई_आणि_बोरू, मंगळवार दुपारी २:४०

तुला पाटीसारखा वाटला ते उगीच नाही. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरूनच तो केलेला आहे. पण त्यात जाडी एकच. ठळक असा वेगळा काढलेला नाही, म्हणून B दाबल्यावर ते साधन त्याच अक्षराला सगळीकडून चरबी चढवतं. मग "ख"चं पोट, "क्ष"ची गाठ, सगळं भरून जातं. ज्या फॉन्टला खरा ठळक आहे त्यालाच B लाव.

तुझ्या सहांत जाड-बारीकचा मोठा आवाका मुक्ताला आहे: ExtraLight ते ExtraBold, सात जाड्या. बलूला पाच, टेकोला पाच, कलमला तीन. माझं मत विचारशील तर हेडिंगपासून अन्नदात्यांपर्यंत अख्खं पोस्टर एकट्या मुक्तात कर. नवे लोक एका पोस्टरवर चार फॉन्ट घालतात आणि मग पोस्टर लग्नाच्या बँडसारखं दिसतं, प्रत्येक जण वेगळं वाजवतोय. ExtraBold आणि Regular मधला फरक आणि आकारातला फरक, एवढ्यावर खूप काही होतं.

बलूला मी सप्ताहासाठी नको म्हणेन. त्याची अक्षरं गुबगुबीत, अंगणवाडीच्या पाटीला शोभणारी.

---

रंगारी_मामा (अंबाजोगाई), मंगळवार सायंकाळी ६:१०

मी संगणकवाला नाही. पंचवीस वर्षं पाट्या, भिंती, ट्रकच्या पाठी रंगवल्या, फ्लेक्स आल्यापासून बसून आहे. नातवाच्या फोनवरून लिहितोय.

पोऱ्या नाटकाच्या जाहिरातीचं म्हणाला म्हणून सांगतो. त्या अक्षरांची जादू फॉन्टात नव्हतीच, कमल शेडगेंसारखी माणसं अक्षर हातानं काढायची. त्यांच्या अक्षरात शिरोरेषा कुठं वाढायची, कुठं तुटायची, कुठं पुढच्या शब्दाला जाऊन मिळायची. आम्ही पेंटर लोकही तेच करायचो, आपल्या कुवतीनं. पाटी रुंद अन् शब्द छोटा असला की अक्षरं फाकवायची नाहीत, वरची रेघ दोन्हीकडं ओढत न्यायची. पाटी भरून जाते अन् शब्द घट्ट राहतो.

तुमच्या त्या यंत्रात नुसती पट्टी काढता येते का? येत असंल तर काम झालं. शिरोरेषा म्हणजे तरी काय, एक आडवी पट्टीच.

अजून एक. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान इंचभर उंच, हा आमचा अंदाज. फाट्यावर माणूस पन्नास फुटांवरून बघतो, तेव्हा हेडिंग पाच इंचांखाली नको. तेही नुसत्या अक्षराचं, वेलांटी-मात्रा सोडून.

---

शाई_आणि_बोरू, मंगळवार रात्री ९:००

मामा, लाख बोललात. हे मला सुचलं नव्हतं. आयत काढता येतो, आणि मुक्ताची शिरोरेषा सरळ, सपाट टोकाची आहे, तिला पट्टी बेमालूम जुळेल. टेकोलाही जुळेल. बलूची टोकं गोल आणि कलम हाताच्या वळणाचा, तिथं सांधा दिसेल.

पोऱ्या, चल, तुझंच हेडिंग मांडू. मी माझ्याकडे करून बघितलं.

पान ४८ बाय ७२ इंचांचं काही साधनं घेत नाहीत. २४ बाय ३६ इंच घे, प्रमाण तेच राहतं. फ्लेक्सवाला दुप्पट करतो. खाली मी जी इंचं सांगतोय ती फ्लेक्सवरची आहेत, तुझ्या पडद्यावर निम्मी धर.

"हरिनाम सप्ताह" एका ओळीत बसवलं तर ४४ इंच रुंदीत अक्षराची उंची पाचेक इंच येते, म्हणजे मामांच्या हिशोबानं काठावर पास. तेच दोन ओळींत मोडलं, वर "हरिनाम", खाली "सप्ताह", तर उंची नऊ-दहा इंचांवर जाते. तुझं नशीब असं की हे दोन्ही शब्द जवळपास सारख्याच रुंदीचे आहेत, त्यामुळं एकाखाली एक चौकोनी गठ्ठा होतो. "अखंड" वेगळा, तिसऱ्या हिश्श्याएवढा लहान, डाव्या बाजूला वर.

आता ओळींतलं अंतर. हे आकड्यावर सोडू नको, अक्षरं बघून ठरव. "हरिनाम"ला खाली उकार नाही, "सप्ताह"ला वर काही नाही. म्हणून या दोन ओळी एकमेकींच्या जवळ घेता येतात, "ह"ची शेपूट तेवढी खाली येते ती शिरोरेषेला टेकू देऊ नको. "अखंड" आणि "हरिनाम" मात्र एवढे जवळ येणार नाहीत, "रि"ची वेलांटी वर उठते. साधन एका चौकटीतल्या सगळ्या ओळींना एकच अंतर लावतं, म्हणून तिन्ही शब्दांच्या तीन वेगळ्या चौकटी कर.

मग मामांची पट्टी. "सप्ताह"च्या शिरोरेषेएवढ्या जाडीचा आयत काढ, त्याच रंगाचा, आणि "ह"च्या उजव्या टोकापासून पानाच्या कडेपर्यंत ने. पडदा ४०० टक्के मोठा करून जुळव. जाडी केसभर कमी-जास्त झाली तरी फ्लेक्सवर पायरी दिसते. जुळलं की दोन्ही मिळून ग्रुप कर, आणि त्यानंतर एकट्या अक्षराचा आकार बदलायचा नाही.

---

डीटीपी_काका, मंगळवार रात्री ९:४५

बाकी ठीक. पण अंतर वाढवल्यावर अक्षरं सुटी का होतात ते सांगितलं नाही. कोरलमध्ये मी वाढवतो, तिथं तर चालतं.

---

शाई_आणि_बोरू, मंगळवार रात्री १०:१०

काका, कोरलमध्येही फटी पडतात, तुम्ही वर रेघ मारून त्या झाकत असाल.

शिरोरेषा ही अख्ख्या शब्दावरची एक रेघ नसते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याला चिकटतं. इंग्रजी अक्षरं मुळातच सुटी, त्यांच्यात हवा सोडली की ऐटदार दिसतात. म्हणून तयार टेम्प्लेटांच्या हेडिंगला अंतर आधीच वाढवून ठेवलेलं असतं. पोऱ्यानं इंग्रजी पुसून मराठी लिहिलं, पण अंतर तसंच राहिलं. टेम्प्लेट घेतलं की पहिलं काम, अक्षरांतलं अंतर शून्यावर आणणं.

---

रंगारी_मामा, मंगळवार रात्री १०:३०

काका मारत असतील रेघ. आम्हीही मारायचो.

---

डीटीपी_काका, मंगळवार रात्री १०:३३

मारतो. मग?

---

गोदाकाठचा_पोऱ्या, बुधवार रात्री ८:५०

केलं! हेडिंग बघून आई म्हणाली "हे तू केलंस?" पट्टी जुळवायला अर्धा तास गेला. पट्टीच्या टोकाला एक छोटी भगवी पताका टांगली, पट्टी झेंड्याच्या काठीसारखी दिसायलीय.

आता नवीन अडचणी तीन.

एक, हेडिंगला पांढरी कड दिली तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी पांढरी रेघ येते. शिरोरेषेला टाके घातल्यासारखं.

दोन, "वारकऱ्यांनी लाभ घ्यावा" लिहिताना कधी "वारकर्यांनी" होतं. अन् अन्नदात्यांत एक वकीलसाहेब आहेत, त्यांच्या "ॲड."मध्ये ठिपक्यांचं गोल येतंय. साहेब रागीट आहेत.

तीन, समिती म्हणते सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो टाक. चौदा आहेत.

---

शाई_आणि_बोरू, बुधवार रात्री ९:३०

कडेचं कारण वरचंच आहे. साधन प्रत्येक अक्षराभोवती वेगळी कड काढतं, आणि अक्षरं एकमेकांवर जराशी चढलेली असतात, म्हणून कड मधोमध दिसते. फुकटच्या साधनात याला सरळ उपाय नाही. कड सोड.

"वारकऱ्यांनी" असं टाइप कर:

```
ऱ + ् + य  →  ऱ्य   (वारकऱ्यांनी, शेतकऱ्यांसाठी)
र + ् + य  →  र्य   (आचार्य, कार्यक्रम)
```

म्हणजे आडव्या रफारासाठी खाली टिंब असलेला ऱ लागतो. बहुतेक मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की सापडतो. तुझ्या स्वतःच्या नावात तर बरोबर आलाय!

"ॲड."चं असं की तू आधी "अ" आणि मग वेगळा "ॅ" टाइप करत असशील. डोळ्यांना एकच दिसतं, पण ती जोडी चुकीची धरली जाते आणि ब्राउझर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घालतो. "ॲ" हे एक स्वतंत्र अक्षर आहे, ते घे. कीबोर्डवर सापडलं नाही तर माझ्या या ओळीतून उचल. आणि ती वर्तुळं फक्त पडद्यावर आहेत, छापताना जातील, असं समजू नको. छापली जातात.

---

रंगारी_मामा, बुधवार रात्री १०:००

कडेऐवजी आम्ही सावली द्यायचो. पिवळं अक्षर, मागं तेच अक्षर काळपट लाल, जरा खाली अन् उजवीकडं सरकवलेलं. ट्रकवर बघितलं असंल. तेच अख्खं हेडिंग दोनदा ठेव, मागचं गडद. सावली एकाच दिशेला, अक्षराच्या दांडीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर दोन-दोन दिसतं. पट्टीचीही सावली विसरू नको, नाहीतर चोरी उघडी पडंल.

---

गोदाकाठचा_पोऱ्या, बुधवार रात्री १०:४५

मामा, पट्टीची सावली विसरलोच होतो. आता बरोबर बसली.

---

शब्दप्रेमी_मास्तर (नांदेड), गुरुवार सकाळी ७:२०

पोस्टरचं चित्र टाकलंत ते पाहिलं. हेडिंग उत्तम. पण एक गोष्ट खटकली. "काल्याचे कीर्तन", "शुक्रवार" यांत ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, त्याला उजवीकडं पूर्ण काठी नसते. मराठीचा शही वेगळा. आम्ही मुलांना पाटीवर जे गिरवायला देतो ते पोस्टरवर दिसू नये, हे कसं? शासनाच्या निर्णयातही मराठी वळणच सांगितलं आहे.

---

शाई_आणि_बोरू, गुरुवार सकाळी ९:१५

मास्तर, तुमचं म्हणणं पटतं. अडचण अशी आहे की बऱ्याच फॉन्टांत दोन्ही वळणं आत असतात, पण "हा मजकूर मराठी आहे" असं कुणीतरी सांगितल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. वेबपानावर ते सांगता येतं, या पोस्टर-मेकरमध्ये भाषा निवडायची सोयच नाही, म्हणून हिंदी वळण येतं. Tiro Devanagari Marathi नावाचा फॉन्ट आहे, त्यात मराठी वळण आपोआपच येतं. पण तो पुस्तकी चेहऱ्याचा, ठळक जाडी नाही, आणि पोऱ्याच्या सहांत तो नाही.

मला विचाराल तर हेडिंगमध्ये ल-श असते तर मी शब्द बदलायला सांगितला असता. "हरिनाम सप्ताह"मध्ये दोन्ही नाहीत. यादीतल्या छोट्या अक्षरांत चालवून घ्यावं.

---

शब्दप्रेमी_मास्तर, गुरुवार सकाळी ९:४०

चालवून घेत घेतच इथवर आलो आहोत.

---

हळदवाली_ताई, गुरुवार सकाळी १०:०५

मास्तर, मग "हळद"चा ळ कसा असतो बरोबर? माझ्या लेबलवर ठीक दिसतोय का कळत नाही.

---

शब्दप्रेमी_मास्तर, गुरुवार सकाळी १०:२०

ताई, ळ ला काही धोका नाही.

---

डीटीपी_काका, गुरुवार दुपारी १२:००

आता माझं ऐका, हे माझं क्षेत्र. पोऱ्या, फ्लेक्सवाल्याकडं काय नेणार? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नको, ते दाबून पाठवतं. पीडीएफ ने. पण एक गंमत होते. फ्लेक्सवाला पीडीएफ कोरलमध्ये उघडतो, कोरल विचारतं की मजकूर टेक्स्ट म्हणून घ्यायचा की कर्व्ह म्हणून, म्हणजे नुसते आकार म्हणून. घाईत टेक्स्ट दाबलं अन् त्याच्याकडं मुक्ता नसला तर वेलांट्या एकीकडं, अक्षरं एकीकडं. मग तो "तुझी फाइलच खराब" म्हणतो अन् स्वतः पुन्हा टाइप करून देतो, त्याच्या आवडीच्या फॉन्टात. माझ्या दुकानात हे रोज होतं. "कर्व्ह" म्हणून सांग. समोर उभं राहून बघ.

---

शाई_आणि_बोरू, गुरुवार दुपारी १२:३०

काकांचं शंभर टक्के खरं. आणि जोडीला एक पीएनजीही ने. २४ बाय ३६ इंचांचं पान इंचाला ९६ पिक्सेलच्या हिशोबानं निघालं तर २३०४ बाय ३४५६ पिक्सेल होतं, म्हणजे चार फुटांच्या फ्लेक्सवर इंचाला ४८ पिक्सेल. हेडिंगला चालतं, पण अन्नदात्यांची बारीक नावं जवळून मऊ दिसतील. म्हणून पीएनजी फक्त "कसं दिसायला हवं" हे दाखवायला, छपाई पीडीएफवरून.

नावांबद्दल एक राहिलं. "गुरुवर्य" असलेल्या ओळीखाली "कीर्तन" असलेली ओळ आली की वरचे उकार आणि खालच्या वेलांट्या-रफार एकमेकांत घुसतात. तिथं ओळींचं अंतर १.५ पर्यंत घे. ती यादी हेडिंगसारखी घट्ट ठेवू नको.

---

गोदाकाठचा_पोऱ्या, शनिवार रात्री ८:३०

फ्लेक्स लागलं. फाट्यावर काळीपिवळीतून उतरल्याबरोबर "हरिनाम सप्ताह" दिसतं.

फ्लेक्सवाल्यानं खरंच टेक्स्ट दाबलं होतं. "काकडा आरती पहाटे ४ ते ६" मधली आरतीची "ती" फुटली. कर्व्ह म्हणालो तर माझ्याकडं बघतच राहिला. दुसऱ्या वेळी बरोबर आलं. एक चूक माझी: पडद्यावर भगवा जो उजळ होता तो फ्लेक्सवर जरा विटकरी आला. आधी वीतभर तुकडा छापून बघायला पाहिजे होता.

कीर्तनकारांच्या नावात "शास्त्री" दोनदा आहे. मास्तर, श कुणाच्या लक्षात आला नाही.

---

शब्दप्रेमी_मास्तर, शनिवार रात्री ८:५०

आला नाही म्हणजेच तर.

---

रंगारी_मामा, शनिवार रात्री ९:१५

फोटो बघितला. सावली नीट बसलीय. पट्टीचा सांधा मला दिसला, बाकीच्यांना दिसायचा नाही. पुढाऱ्यांचे फोटो किती घातले शेवटी?

---

गोदाकाठचा_पोऱ्या, शनिवार रात्री ९:२०

चौदाच. पण तळाला एका पट्टीत, सगळे एकाच उंचीचे गोल, अन् हेडिंगपासून लांब. सरपंच म्हणाले, माझा जरा मोठा पाहिजे होता.

---

हळदवाली_ताई, रविवार सकाळी ८:००

मी पण मुक्ता घेतला. पट्टी "हळद"च्या शिरोरेषेला जोडली, डाव्या बाजूनं. पण पुडी छोटी आहे, चार इंच रुंद, तिथं पट्टी एवढी बारीक होते की छपाईत तुटते. मामा, किती जाड ठेवायची?

---

रंगारी_मामा, रविवार सकाळी ८:४०

ताई, पुडीवर कधी रंगवलं नाही. काका सांगतील.

---

डीटीपी_काका, रविवार सकाळी ९:३०

कागदावर छापता की थेट प्लास्टिकवर? त्यावर आहे. प्लास्टिक असंल तर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली रेघ ठेवू नका. तरी आधी दहा पुड्या काढून बघा.